मुदत उलटलेला परवाना

मोटार वाहन कायद्यातील 2019च्या दुरुस्तीने वाहन चालवण्याच्या परवान्यावरील 30 दिवसांची सवलत काढून टाकली असून, मुदत संपल्यानंतर वर्षभरात नूतनीकरणाचा अर्ज करता येत असला, तरी त्या काळात वाहन चालवणे वैध ठरत नाही. 10 मार्च 2024 रोजी संपलेल्या परवान्यासाठी एप्रिल 2025 मध्ये अर्ज करणाऱ्यास वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा उत्तीर्ण व्हावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे परदेशात दाखवायचा पूरक दस्तऐवज, वैध मूळ परवान्यावरच मिळतो आणि एक वर्ष किंवा मूळ परवान्याची उरलेली मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंतच चालतो. म्हणून परदेशप्रवासापूर्वी नूतनीकरण आधी उरकणे इष्ट ठरते.