गाळलेल्या मुद्द्यांची यादी

रुग्णवृत्तान्ताचा पहिला मसुदा नेहमीच दीर्घ होतो आणि त्रैमासिकाची पाने मोजकी असतात. मग लेखक वैद्य व त्यांचे एक-दोन सहकारी मिळून त्याची काटछाट करतात. तीन फेऱ्यांत बाराशे शब्दांचे पाचशे होतात. कोणत्या फेरीत काय गळले, याची नोंद मात्र बहुधा कोणी ठेवीत नाही. आमच्या मते ती ठेवलीच पाहिजे, कारण पहिल्या फेरीत गौण वाटलेला मुद्दा तिसऱ्या फेरीत निर्णायक ठरू शकतो.

या शिस्तीचा उत्तम आदर्श आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. डॉ. वि. स. सुकथनकर १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक होते. हस्तलिखितांच्या तुलनेत जे श्लोक प्रक्षिप्त ठरले, ते त्यांनी संहितेतून काढले, पण फेकून दिले नाहीत. लहान उतारे तारांकित क्रमांक देऊन त्याच पृष्ठावर तळाशी छापले, मोठे उतारे परिशिष्टात घातले. प्रत्येकाजवळ तो कोणत्या श्लोकानंतर येतो व कोणत्या हस्तलिखितांत आढळतो, हेही नमूद केले. व्यासांनी सांगावे व गणेशाने लिहावे, ही सर्वश्रुत कथा आदिपर्वाच्या संहितेत नाही, परिशिष्टात आहे. संपादकांचा निर्णय ज्यास मान्य नसेल, तो वाचक ती कथा तिच्या नेमक्या स्थानी पुन्हा ठेवून वाचू शकतो.

आता आपल्या व्यवहारातील उदाहरण कल्पनेने घेऊ. बेचाळीस वर्षांची स्त्री, व्याधी आमवात, उपचार लंघन, एरंडतैल व सिंहनाद गुग्गुळ. पहिल्या मसुद्यात एक वाक्य आहे : ‘रुग्णा पहिले आठ दिवस पूर्वीची वेदनाशामक गोळी रोज दोन वेळा घेत होती, नवव्या दिवशी ती बंद केली.’ त्या वेळी लेखाचा निष्कर्ष तीन महिन्यांनंतरच्या स्थितीविषयी आहे. त्यास या आठ दिवसांमुळे फारसा बाध येत नाही, म्हणून जागेअभावी वाक्य गाळले जाते. दुसऱ्या फेरीत पथ्यापथ्याचा तपशील आटोपता होतो. तिसऱ्या फेरीत दुसरे वैद्य निष्कर्षास धार आणतात : ‘पहिल्या सप्ताहातच संधिशूल लक्षणीय कमी झाला.’ त्यांनी पहिला मसुदा पाहिलेलाच नाही. वाक्य खरे आहे, परंतु श्रेय कोणाचे, हे आता सांगता येत नाही. वाचणारा वैद्य सात दिवसांत तशाच उपशमाची अपेक्षा धरील, तो न मिळाल्यास औषध सोडील किंवा मात्रा वाढवील. असत्य कोणीच लिहिले नाही, तरी लेख दिशाभूल करणारा झाला.

यादी असती तर हे टळले असते. ती मसुद्याबरोबरच हातोहात फिरावी आणि प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात : गाळलेले वाक्य जसेच्या तसे, त्याचे मूळ स्थान, फेरीचा क्रमांक व गाळण्याचे कारण. ‘उपचारक्रम थोडक्यात केला’ अशी नोंद निरुपयोगी होय, कारण तीवरून आठ दिवस व दोन वेळा हे तपशील परत मिळत नाहीत. कारणाचा रकानाही महत्त्वाचा आहे. ‘जागेअभावी’ गाळलेले परत येऊ शकते. ‘चुकीचे आढळले’ म्हणून गाळलेले येता कामा नये. कारण न लिहिल्यास दोन्ही सारखीच दिसतात.

निष्कर्षाचे वाक्य ज्या ज्या वेळी बदलेल, त्या त्या वेळी सारी यादी वाचावी आणि प्रत्येक नोंदीस एकच प्रश्न विचारावा : हे ठाऊक असते तर वाचकाने हा निष्कर्ष असाच स्वीकारला असता काय? उत्तर नकारार्थी आले तर ती नोंद परत घ्यावी व तिच्यासाठी अन्यत्र जागा काढावी. परत घेताना भोवतालचा मजकूरही तपासावा. मधल्या फेऱ्यांत ‘नववा दिवस’ हा ‘दुसरा सप्ताह’ झाला असेल, तर जुने वाक्य जसेच्या तसे बसणार नाही.

या यादीस एक मर्यादाही आहे. रुग्णाचे नाव, गाव वा ओळख पटेल असा तपशील मसुद्यातून काढला, तर तो यादीतही लिहू नये. तो चिकित्सालयातील मूळ रुग्णपत्रकातच राहावा. अन्यथा लेखातून झाकलेली ओळख यादीबरोबर चार हातांतून फिरत राहील.

नाशिकच्या आमच्या वैद्यबंधूंनी पुढील अंकासाठी रुग्णवृत्तान्त पाठविताना अखेरच्या मसुद्यासोबत ही यादीही संपादकांकडे द्यावी, अशी आमची सूचना आहे. ती छापावयाची नाही. परीक्षकाने शंका काढल्यास उत्तर स्मरणावर सोपवावे लागू नये, एवढ्यासाठीच ती हवी.