मूळ प्रतीला हात लावू नका

जुन्या कौटुंबिक छायाचित्रांचे ‘नूतनीकरण’ करावयाचे आणि मूळ स्कॅन पुसून टाकावयाचे, या प्रथेला आमचा स्पष्ट विरोध आहे. ‘आमच्याच आजीचा फोटो, त्यात रंग भरले तर बिघडले काय?’ असे विचारले जाते. बिघडते ते असे. बडोद्याच्या एखाद्या वाड्यात १९१० च्या सुमारास काढलेला फोटो घ्या. त्या काळच्या बहुतेक काचेच्या प्लेटांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळे उमटे, तांबडे लुगडेही काळपट, आणि निळे मात्र फिकट. त्या काळपट लुगड्याला कारागिराने हिरवा रंग दिला, तर तो निव्वळ अंदाज. पुढची पिढी मात्र त्यालाच पुरावा मानील. कडेचे डाग काढताना पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्काही कापला जातो, आणि काळ ठरविण्याचे साधनच हरपते.

उपाय खर्चिक नाही. पुठ्ठ्यासकट, मागील मजकुरासकट टिफ स्वरूपात स्कॅन करावे आणि त्या फाइलीत पुन्हा बदल करू नये. दुरुस्ती नेहमी नकलेवर. भेद नावातच दिसावा: `0042_mul.tif` आणि `0042_rang_2024.jpg`. फाइल नातेवाइकांत फिरू लागली की नाव बदलते. म्हणून ‘रंग २०२४ मध्ये भरले’ हे शब्द चित्राखाली कोरी पट्टी जोडून तीवरही लिहावेत. पट्टीने शोभा जाते, हे खरे. कोणी ती कापीलही. पण त्याला निदान कात्री तरी हाती घ्यावी लागेल.