छत्री किती कलवायची ते थेंबाला विचारा

विदर्भात झड लागली की एखाद्या दिवशी वारा पूर्ण पडतो आणि पाऊस ओळंब्यात धरल्यासारखा सरळ खाली येत राहतो. अशा दिवशी झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या बसथांब्यावर छत्री सरळ धरून उभ्या असलेल्या माणसाचे पाय कोरडे राहतात. तोच माणूस बाजाराकडे चालू लागला की शंभर पावलांत त्याची पँट गुडघ्याखाली पुढून भिजलेली असते, मागून मात्र कोरडी. यावर बहुतेकांचे उत्तर असते, ‘समोरून पाऊस येतोय.’ पण परत फिरून तो बसथांब्याकडे निघाला तरी पाऊस पुन्हा समोरूनच येतो. पावसाला खरोखरच तिरपेपणा असता तर परतताना तो पाठीवर आला असता. दोन्ही दिशांना पुढचीच बाजू भिजते, याचा अर्थ तिरपेपणा पावसात नाही, चालण्यात आहे. थेंब खाली येत असताना माणूस पुढे सरकतो, म्हणून त्याच्या दृष्टीने थेंब खालीही येतो आणि त्याच्याकडेही येतो. या दोन वेगांच्या बेरजेतून जी तिरपी दिशा निघते, तिच्या रेषेत छत्रीचा दांडा असला पाहिजे. हे शाळेत शिकवले जाते. पण ज्या आकड्यांनी शिकवले जाते, त्यांमुळे यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाकली जाते असे माझे स्पष्ट मत आहे. छत्रीचा कल चालणाऱ्याच्या वेगावर जितका अवलंबून आहे, तितकाच थेंबाच्या आकारावरही आहे.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापेक्ष वेगाचे एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या सोडवले गेले. पाऊस सेकंदाला ३५ मीटर वेगाने सरळ पडतो आहे, एक बाई सेकंदाला १२ मीटर वेगाने सायकल चालवते आहे, तर छत्री कोणत्या दिशेला धरावी? उत्तर येते उभ्या रेषेपासून सुमारे १९ अंश पुढे. गणित बरोबर आहे, पण असा पाऊस पृथ्वीवर पडत नाही. सेकंदाला ३५ मीटर म्हणजे ताशी १२६ किलोमीटर. सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर, हा मोटारसायकलचा वेग झाला. सर्वांत जाड थेंबसुद्धा सेकंदाला साधारण ९ मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. दोन किलोमीटर उंचीवरून निघालेल्या थेंबाला वाटेत हवा नसती, तर तो ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास वेगाने डोक्यावर आदळला असता. हवेचा विरोध त्याला थोड्याच अंतरात एका ठरावीक वेगावर आणून ठेवतो, आणि पुढे जमिनीपर्यंत त्याचा वेग जवळपास तोच राहतो. हा ठरावीक वेग थेंबागणिक वेगळा असतो. भुरभुर पावसाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला जेमतेम २ मीटर उतरतो, एक मिलिमीटरचा ४ मीटर, दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटर आणि चार मिलिमीटरचा पावणेनऊ मीटरच्या आसपास. गन आणि किन्झर या अमेरिकी संशोधकांनी १९४९ मध्ये केलेली ही मोजमापे आजही प्रमाण मानली जातात. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे थेंब हवेच्या दाबाने चपटा होतो आणि फुटतो, त्यामुळे वेगाची वाढ तिथेच थांबते.

आता खरे आकडे घेऊन तेच उदाहरण मुकुटबनच्या रस्त्यावर सोडवू. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर, ही साधी चाल. बेताचा पाऊस आहे आणि थेंब दोन मिलिमीटरचे आहेत. चालण्याच्या वेगाला थेंबाच्या वेगाने भागले की ०.२१५ येते, आणि त्याचा कोन होतो १२ अंश. छत्री सरळच धरली तर काय होईल? कापडाची कड जमिनीपासून पावणेदोन मीटर उंच आणि दांड्यापासून अर्धा मीटर पुढे आहे असे धरू. पुढच्या कडेला जेमतेम चुकवून खाली येणारा थेंब जमिनीवर पोचायला पावसेकंदाहून किंचित जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यात माणूस ३८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. वर अर्धा मीटर असलेला पुढचा आडोसा पायापाशी १२ सेंटिमीटरच उरतो. पुढे टाकलेले पाऊल त्याच्या बाहेर पडते आणि भिजते. भुरभुर पावसात हेच गणित आणखी बिघडते. तोच अर्धा मीटर चालायला ०.३६ सेकंद लागतो, तेवढ्यात अर्ध्या मिलिमीटरचा थेंब फक्त ७० सेंटिमीटर उतरतो आणि कमरेच्या उंचीवर येऊन अंगाला लागतो. म्हणजे सरळ धरलेली छत्री भुरभुर पावसात कमरेच्या वरचेच राखते. या पावसासाठी लागणारा कल आहे ३५ अंश. उलट मुसळधार सरींत, थेंब चार मिलिमीटरचे असताना, ९ अंश पुरतात. पाऊस जितका जोराचा तितकी छत्री जास्त झुकवावी अशी जी समजूत आहे, ती वारा नसताना अगदी उलटी ठरते.

कल कळला तरी अर्धेच काम होते, कारण नुसते मनगट वाकवून पाय कोरडे राहत नाहीत. दांड्याची रेषा मनातल्या मनात खाली वाढवली, तर ती जमिनीला पायापाशी टेकली पाहिजे. मूठ जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर असली आणि दांडा १२ अंश कलला, तर ही रेषा जमिनीवर मुठीच्या २३ सेंटिमीटर मागे टेकते. म्हणून छत्री कलवताना मूठही छातीपुढे वीतभर न्यायला हवी. मूठ अंगाला चिकटवून छत्री कितीही वाकवली, तरी आडोसा मागे सरकतो आणि पावले उघडी पडतात. भुरभुर पावसात याच हिशेबाने मूठ पाऊण मीटर पुढे न्यावी लागेल, ते हाताला झेपणारे नाही. शिवाय ३५ अंशांवर कापडाची पुढची कड डोळ्यांच्या खाली येते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. सिमेंटचे आणि कोळशाचे ट्रक चालणाऱ्या रस्त्यावर ही गोष्ट ओल्या पँटपेक्षा फार गंभीर आहे. तिथे उपाय एकच, चाल कमी करायची. वेग निम्मा केला की लागणारा कल १९ अंशांवर येतो आणि मूठ ३८ सेंटिमीटर पुढे असली की पुरते. मोटारसायकलवर मात्र छत्रीचा विषयच संपतो. ताशी ४० किलोमीटरला दोन मिलिमीटरचे थेंब ६० अंश तिरपे येतात. मागे बसलेल्याने त्या कोनात छत्री धरायची म्हटली तर ती चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढेच येईल. तिथे रेनकोटच हवा.

यावर रास्त आक्षेप असा की वारा कधी पूर्ण थांबतो का, आणि वारा असताना या सगळ्या हिशेबाचे काय? वारा आडव्या दिशेने वाहतो तेव्हा थेंबही त्याच्याबरोबर जवळपास त्याच आडव्या वेगाने वाहत जातो. चालणाऱ्याच्या दृष्टीने थेंबाचा आडवा वेग म्हणजे त्याच्या तोंडावर लागणाऱ्या झुळुकीचा वेग. वारा पडलेला असताना ही झुळूक केवळ चालण्यामुळे लागते, वारा असताना दोन्ही मिळून लागते. समोरून सेकंदाला २ मीटरची झुळूक असेल तर १.४ मध्ये ती मिळवायची, आणि दोन मिलिमीटरच्या थेंबांना कल २८ अंश होतो. मागून १.४ मीटरचीच झुळूक असेल तर तोंडाला वारा लागतच नाही, आणि छत्री सरळ धरणे हेच अचूक ठरते. म्हणून हिशेब मोडत नाही, फक्त चालण्याच्या वेगाऐवजी जाणवणारा वारा घ्यायचा. याला मर्यादा आहे हेही मान्य केले पाहिजे. जमिनीलगत वारा मंद असतो आणि वरच्या थरात जास्त. जाड थेंब वरचा वेग थोडा वेळ टिकवून खाली येतो, त्यामुळे तो तोंडाला लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा थोडा अधिक तिरपा येतो. आणि वावटळीसारख्या झोतात, जिथे दिशा दर क्षणी बदलते, तिथे कोणताच कोन टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. माणसे छत्री अंदाजाने सावरतात, पाय भिजले की थोडी पुढे घेतात, मग थेंबाचा आकार मोजून काय साधणार? हात अंदाज शिकतो हे खरे, पण तो थेंबाकडे बघून शिकत नाही, पावसाच्या जोराकडे बघून शिकतो. म्हणून मुसळधार सरींत लोक छत्री नाकापर्यंत ओढतात आणि भुरभुर आहे म्हणून निष्काळजीपणे खांद्यावर टेकवतात. शिवाय थेंबाचा आकार कळायला यंत्र लागत नाही. डबक्याकडे पाहावे. भुरभुर पावसात पाण्यावर तरंग जवळपास उठतच नाहीत. दोन मिलिमीटरच्या थेंबाने स्पष्ट वर्तुळे उठतात, आणि चार मिलिमीटरचा थेंब पाणी उसळवतो, पत्र्यावर तडतडतो. ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत आहे. परातीत बोटभर जाडीचे चाळलेले पीठ पसरायचे, पावसात काही सेकंदच धरायचे आणि झाकून आत आणायचे. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. वाळल्यावर पीठ चाळले की गोळ्या चाळणीत राहतात. त्या मोजपट्टीला लावल्या की थेंबाचा व्यास जवळपास कळतो. परात जास्त वेळ धरली तर थेंबावर थेंब पडून दोन गोळ्यांची एक होते आणि आकडा फुगतो, तेवढे सांभाळावे.

हा कोन छत्रीपुरताच नाही. इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीला काही तारे वर्षभरात आपली जागा थोडी बदलताना दिसत होते. १७२८ मध्ये त्याने त्याचे कारण सांगितले. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर चालते, प्रकाश तीन लाख किलोमीटर, म्हणून ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीत सरळ यायचा तर ती पृथ्वीच्या चालीच्या दिशेने किंचित कलवावी लागते. भागाकार दहा हजारांत एक, कोन सुमारे साडेवीस विकला. तिथे ‘थेंबाचा’ वेग बदलत नाही, कारण प्रकाश सगळ्या ताऱ्यांचा एकाच वेगाने येतो, म्हणून कमाल कलही सगळ्या ताऱ्यांना सारखाच. पावसात तसे नाही. एकाच सरीत लहान-मोठे थेंब एकत्र पडतात आणि प्रत्येकाला वेगळा कल हवा असतो. म्हणूनच कितीही नेमकी धरलेली छत्री थोडे भिजवतेच. सगळ्यांत जास्त पाणी ज्या आकाराच्या थेंबांतून येते त्यांच्यासाठी ती कलवायची.

झरी-जामणी तालुक्यातल्या आणि बाकी महाराष्ट्रातल्याही अकरावीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. सापेक्ष वेगाचे गणित फळ्यावर घालताना ३५ आणि १२ हे आकडे पुसा. चालण्यासाठी १.४ घ्या, पावसासाठी २, साडेसहा आणि पावणेनऊ असे तीन आकडे घ्या, आणि मुलांकडून तीनही कोन काढून घ्या. पुढच्या झडीत एक परात आणि चाळलेले पीठ वर्गाबाहेर न्या, म्हणजे चौथा आकडा मुले स्वतः आणतील.