चित्रओळ आणि क्रियापद



शास्त्रीय व्याख्यानावरून चित्रपट्टीचा आराखडा तयार करा, असे सांगितले की आपली पहिली चिंता चित्रांची असते. माझ्या मते खरी कसोटी चित्राखालच्या ओळीची, आणि त्या ओळीतही क्रियापदाची असते. दुधाचे दही होण्याच्या प्रक्रियेचे उदाहरण घेऊ.

व्याख्यानात वाक्य येते : 'जिवाणूंद्वारे दुग्धशर्करेचे किण्वन होऊन आम्लनिर्मितीमुळे केसीन या प्रथिनाचे स्कंदन होते.' किण्वन, आम्लनिर्मिती, स्कंदन या तीन घटना येथे नामांत दडल्या आहेत. प्रत्येक नाम उलगडून त्याचे क्रियापद करावे आणि त्याचा कर्ता शोधावा. चौकटी किती हव्यात, हे त्यावरूनच ठरते.

एका विद्यार्थिनीने दोनच चौकटी काढल्या होत्या : 'जिवाणूंची फौज दुधात उतरली' आणि 'फौजेने दूध घट्ट केले'. चित्रे सुरेख होती. पण कर्ता चुकला होता. जिवाणू दूध घट्ट करीत नाहीत. ते दुधातील साखर वापरतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. केसीनच्या कणांवर सारखाच, म्हणजे ऋण विद्युतभार असतो. म्हणून ते परस्परांना दूर लोटतात. आम्लामुळे हा भार घटत जातो. सामू ४.६ च्या आसपास तो जवळजवळ नाहीसा होतो आणि कण एकमेकांना चिकटतात. तिच्या आराखड्यात नेमकी ही मधली कडी गळाली होती.

आम्ही तो पुन्हा लिहिला, तो असा :

१. उकळून कोमट केलेल्या दुधाला विरजण लावले.
२. सूक्ष्मदर्शकातून : जिवाणू साखर वापरतात, आम्ल बाहेर टाकतात.
३. काही तासांनी : आम्ल वाढले. दूर राहणारे केसीनचे कण चिकटू लागले.
४. कणांचे जाळे झाले. पाणी त्यात अडकले. दही लागले.

'सूक्ष्मदर्शकातून' आणि 'काही तासांनी' हे शब्द अनावश्यक वाटतील. पण प्रमाण आणि काळ चित्राला सहसा स्वतः सांगता येत नाहीत. सामू सलग उतरत असतो, चौकटी मात्र पायऱ्या दाखवतात. ही उणीव ओळीनेच भरून काढायची असते. उलट, 'भांड्यात पांढरे दूध आहे' ही ओळ वाया जाते, कारण ते चित्रात दिसतेच.

पहिल्या व शेवटच्या ओळीतील क्रियापदे पाहा. विरजण आपण लावतो. दही मात्र लागते. सकर्मक व अकर्मक क्रियापदांतील हा भेद मराठीने घराघरांत जपला आहे, आणि तो शास्त्राशी जुळतो.

आराखडा साधला की नाही, हे कसे ओळखावे? तो वाचणाऱ्याला विचारा : गरम दुधात लिंबू पिळले तर तेथे जिवाणूंचे काम नसतानाही दूध का फाटते? 'आम्लामुळे' हे उत्तर आले, तर तुमची तिसरी चौकट बरोबर आहे. वाचक गोंधळला, तर चित्राला हात लावू नका, क्रियापद तपासा.