बुधवार ते बुधवार

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न दोन दिवसांवर आले आणि फलटणच्या त्या जुन्या वाड्याच्या माडीवर प्राचीच्या कामाला उसंत उरली नाही. खाली वडिलांचे कापडाचे दुकान, वर तिचे टेबल आणि संगणक. लग्नपत्रिका, मसाल्याच्या पुड्यांवरची लेबले, पेढीची नवी पत्रके असे सारे ती एकटी करीत असे. ती कोणाची नोकरदार नव्हती. त्रेचाळीस गिऱ्हाइके तिने चार वर्षांत एकेक करून जोडली होती आणि त्या सगळ्यांशी तिचे बोलणे, नमुने दाखवणे, पैशांचा तगादासुद्धा एकाच ठिकाणी, व्हॉट्सॲपवर चालत असे.

२२ नोव्हेंबर २०२३, बुधवार. मुंबईहून कागदाचे नमुने यायचे होते. दुपारी अडीचच्या सुमारास फोन आला, "मॅडम, पार्सल आहे, पत्ता सापडत नाही. आमच्या मुलाशी थेट जोडून घ्या. *401* लावा आणि पुढे हा दहा आकडी नंबर." माणूस अदबीने बोलत होता आणि पार्सलची वाट तर ती पाहतच होती. तिने आकडे लावले. पडद्यावर काहीतरी इंग्रजी ओळ आली नि गेली. थोड्या वेळाने सहा आकड्यांचा एक संदेश आला. आपण तर काही मागितले नाही, असे क्षणभर तिच्या मनात आले. पण पत्रिकेतले नाव दुरुस्त करायचे होते, ती पुन्हा कामाला लागली.

दहा मिनिटांनी व्हॉट्सॲप उघडले, तर तिचा क्रमांक दुसऱ्या फोनवर नोंदवला गेल्याचे त्यावर लिहिले होते.

मग तिने जे केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते. घाबरून पुन्हा पुन्हा नोंदणीचा आकडा मागवला. तीन-चार वेळा असे झाल्यावर, आता काही तास थांबा, अशी सूचना आली. आपल्याच दुकानाला आपणच बाहेरून कुलूप लावावे तशी तिची गत झाली.

संध्याकाळी सहाला बारामतीहून सुभाषकाकांचा फोन आला. मसाल्याचे जुने व्यापारी. आवाज नेहमीसारखाच शांत होता. "प्राची, छपाईवाल्याला पोचले ना गं पैसे?"

"कसले पैसे, काका?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. साडेतीनला काकांनीच लेबलांची चौकशी केली होती. चोराच्या फोनमध्ये प्राचीची जुनी संभाषणे नव्हती, तिच्या गिऱ्हाइकांची यादीही नव्हती. पण जो स्वतःहून लिहील आणि जे तिच्यासोबत एखाद्या ग्रुपमध्ये असतील, ते त्याच्या हाती लागत होते. नाव तिचे आणि क्रमांकही तिचाच. छपाईवाला आगाऊ रक्कम मागतो आहे, माझे यूपीआय बंद पडले आहे, या क्रमांकावर अठरा हजार टाका, असे उत्तर आले आणि काकांनी टाकले.

"काका, आत्ताच्या आत्ता 1930 ला फोन करा," ती म्हणाली. हे तिला चुलतभाऊ रोहनने नुकतेच सांगितले होते. तो तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. "पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, म्हणून तक्रार तुम्हीच द्यायला हवी. यूपीआयमध्ये त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक दिसेल, तो सांगा. रक्कम त्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता आली तर येते."

काका संकोचले. बाजारात कळले तर लोक हसतील, ही त्यांची भीती. व्यापाऱ्याला अठरा हजारांहून हसू महाग वाटते, हे आपणांस सांगायला नको. तरी त्यांनी फोन केला.

सात वाजता रोहन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, कोणी एखादा नंबर फिरवायला लावला होता का?" मग त्याने *#21# लावून दाखवले. प्राचीला येणारे फोन एका अनोळखी क्रमांकाकडे वळवलेले होते. चोराने तिचा क्रमांक स्वतःच्या फोनवर नोंदवताना, आकडा फोन करून सांगा, हा पर्याय निवडला असणार. तो फोन वळून थेट त्याच्याच कानी गेला. प्राचीने कोणालाही आकडा सांगितला नव्हता, आणि दिवसभर तिला न उलगडणारी गोष्ट हीच होती.

"आधी हे बंद. नाहीतर तू परत मिळवशील नि तो परत नेईल." रोहनने ##002# लावले. सगळी वळवणी रद्द झाली. "ॲप मात्र काढून टाकू नकोस, जुनी संभाषणे आत आहेत."

रात्री अकराला मुदत संपली. या वेळी एकदाच मागवलेला सहा आकडी संदेश तिच्याच फोनवर आला. तिने तो भरला. समोर नवीच पाटी आली: सहा आकडी पिन टाका. असा पिन तिने कधीच ठेवला नव्हता, म्हणजे तो चोराने ठेवला होता.

"आता?"

"आता सात दिवस थांबायचे. त्यानंतर पिनशिवाय आत घेतात. पण संदेशातला आकडा भरलास, त्याच क्षणी तो बाहेर पडला. आता तिथे कोणीच नाही, तूही नाहीस आणि तोही नाही."

त्या रात्री आजोबा माडीवर आले. त्यांनी एवढेच विचारले, "गिऱ्हाइकांची नावे कागदावर आहेत का?" होती. आजोबांच्याच हट्टाने ती कामाची वही ठेवीत असे, आणि त्याबद्दल कुरकुरतही असे.

गुरुवारी सकाळपासून तिने एकेकाला फोन लावला. वाक्य प्रत्येक वेळी तेच, पण ते उच्चारणे बत्तिसाव्या वेळीही सोपे झाले नाही. कोणी धीर दिला, कोणी तासभर उपदेश केला. साताऱ्याच्या एका घराने पत्रिकेचे काम शांतपणे दुसरीकडे नेले. जवळच्या सातजणांकडे ती स्वतः जाऊन आली.

पुढच्या बुधवारी रात्री पिनशिवाय दार उघडले. संभाषणे जागच्या जागी होती, पण बावीस तारखेच्या दुपारपर्यंतचीच. त्यानंतर चोराने तिच्या नावाने काय काय लिहिले, ते फक्त ज्यांना लिहिले त्यांच्याकडे होते. तिला ते प्रत्येकाकडून मागून घ्यावे लागले; तिच्याच नावाखाली, तिने न लिहिलेले. तिने स्वतःचा पिन ठेवला, ईमेल जोडला आणि दोन्ही कामाच्या वहीत नव्हे, तर आजोबांच्या तिजोरीतल्या कागदावर लिहिले.

(पुढे दूरसंचार विभागाच्या आदेशाने, असे आकडे लावून फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांनी थांबवली. प्राचीच्या वेळी ती चालू होती.)

अठरापैकी अकरा हजार बँकेत अडवले गेले होते. ते न्यायालयाच्या आदेशाने काकांना परत मिळायला उन्हाळा उजाडला. उरलेले सात प्राचीने लेबलांच्या बिलातून वजा करून पाठवले. काकांनी बिल दुरुस्त करून परत पाठवले. वजा फक्त साडेतीन हजार. खाली पेनाने लिहिले होते, "फोन न करता मी पाठवले. निम्मे माझे."

काम चालू राहिले. मात्र प्राचीने बँकेचा तपशील पाठवला की दोन मिनिटांत खालच्या दुकानातला जुना लँडलाइन वाजतो. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. आता वडील नुसते वर पाहून हाक मारतात आणि ती जिना उतरून येते.

"बोला काका, मीच आहे. शेवटचे चार आकडे सांगू?"