मुंग्यांची रांग आणि भिंतीआडचे घर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजासारख्या जुन्या वस्तीत, मे-जूनच्या उष्म्यात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास मुंग्यांचा उपद्रव वाढला की घरोघरी एकच उपाय सुरू होतो. ओट्यावर रांग दिसली की ओल्या फडक्याने ती पुसावी, भिंतीच्या भेगेशी हळद टाकावी आणि फारच झाले तर फवाऱ्याचे औषध मारावे. दहा मिनिटांत ओटा स्वच्छ होतो. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी साखरेच्या डब्यापाशी तीच रांग पुन्हा उभी असते. गृहिणीला वाटते, औषधात दम नव्हता. वस्तुतः औषधात दम होता; तो चुकीच्या ठिकाणी खर्च झाला, इतकेच.

आपल्याला दिसते ती रांग म्हणजे मुंग्यांचे कुटुंब नव्हे. अन्न आणण्याकरिता घराबाहेर पडलेल्या त्या थोड्या कामकरी मुंग्या होत. बाकीचा मोठा परिवार, म्हणजे अंडी घालणाऱ्या राण्या, अळ्या, कोश आणि त्यांची देखभाल करणाऱ्या मुंग्या, भिंतीच्या पोकळीत किंवा फरशीखाली असतो आणि फडक्याच्या किंवा फवाऱ्याच्या टप्प्यात तो येतच नाही. ओट्यावर शंभर मुंग्या मारल्या तरी राणीचे अंडी घालणे थांबत नाही, आणि आत असलेल्या मुंग्यांतून नव्या मुंग्या त्या कामावर येतात.

एका जातीच्या बाबतीत तर फवारा अपायकारकच ठरतो. पिवळसर तपकिरी रंगाची, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची जी अगदी बारीक मुंगी आपल्या स्वयंपाकघरांत येते, तिला शास्त्रज्ञ फॅरो मुंगी म्हणतात. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या नांदतात. घराला धोका जाणवला की काही कामकरी मुंग्या अंडी-अळ्या तोंडात धरून, मिळाल्यास एखादी राणीही सोबत घेऊन, दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. राणी बरोबर नसली तरी अळ्यांतून त्या नवी राणी वाढवू शकतात. अशा रीतीने फवारा मारून एका घराची तीन घरे होतात. स्वयंपाकघरातली रांग नाहीशी होऊन आठवड्याने न्हाणीघरात आणि देव्हाऱ्यापाशीही मुंग्या दिसू लागल्या, तर हेच घडले असे समजावे.

मग आत पोहोचावे कसे? त्याची वाट मुंग्यांनीच करून ठेवली आहे. कामकरी मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात. एक तिचे स्वतःचे जठर आणि त्याच्या आधीचा दुसरा कप्पा, ज्याला सर्व कुटुंबाचे कोठार म्हणता येईल. बाहेर प्यालेला गोड रस ती या कोठारात साठवते आणि घरी परतल्यावर तोंडाला तोंड लावून तो इतरांना देते; त्या पुढे आणखी दुसऱ्यांना देतात. घन कण प्रौढ मुंगीला गिळता येत नाहीत. ते अळ्यांना भरवले जातात आणि त्यांचा पचलेला रस पुन्हा मोठ्या मुंग्यांकडे येतो. राणीलाही अन्न मिळते ते याच हातोहात चाललेल्या वाटपातून.

आमिषाचे सारे रहस्य या वाटपात आहे. विष जलद असेल तर मुंगी वाटेतच मरते आणि कोठारातला रस तिच्याबरोबर जातो. ते मंद असेल तर ती अनेक फेऱ्या करते आणि विष राणीपर्यंत पोहोचते. अमेरिकेत आग्या मुंग्यांवर आमिष शोधणाऱ्या संशोधकांनी १९६४ साली यासाठी एक कसोटी ठरवली. पहिल्या दिवशी शंभरातील १५ हून कमी मुंग्या मराव्यात, परंतु चाचणी संपेपर्यंत ८९ हून अधिक मराव्यात. औषधाचा मंदपणा हाच येथे त्याचा गुण ठरला.

घरगुती उपायासाठी औषधांच्या दुकानात मिळणारी बोरिक पावडर चालते. कॅरमची म्हणून मिळणारी पावडर घेऊ नये, कारण तीत दुसरेच काही असू शकते. आता जयेंद्रगंजातले एक घर डोळ्यांसमोर आणू, जेथे ओट्यामागील भेगेतून बारीक मुंग्यांची रांग येते. पाव लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि चहाच्या चमच्याने सपाट अर्धा चमचा बोरिक पावडर पूर्ण विरघळवावी. हे प्रमाण शंभर भागांत एक भागाहून किंचित कमी भरते. अधिक घातल्यास लवकर गुण येईल, हा समज येथे घात करतो. तीव्र द्रवाला मुंग्या तोंड लावीत नाहीत किंवा वाटेतच मरतात. बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून तो या द्रवाने भिजवावा आणि झाकण रांगेच्या कडेला ठेवावे. ती रांग पुसू नये, हळद टाकू नये, जवळपास फवारा मारू नये.

पहिल्या दिवशी झाकणाभोवती मुंग्यांची गर्दी उसळेल. ते अपयश नव्हे, वाटप सुरू झाल्याचे ते लक्षण आहे. झाकणापाशीच मुंग्या मेलेल्या दिसल्या तर द्रव तीव्र झाला असे ओळखावे. ग्वाल्हेरच्या उन्हाळी लूमध्ये पाणी उडून तो आपोआप तीव्र होतो. म्हणून बोळा रोज नवा ठेवावा. मुंग्या द्रवाकडे पाहतही नसतील, तर त्यांना त्या वेळी गोड नको आहे. साखर, शेंगदाण्याचे कूट आणि उकडलेल्या अंड्याचा बलक यांचे कण शेजारी ठेवून त्या कशाकडे वळतात ते पाहावे आणि आमिष त्याच पदार्थात अशाच अल्प प्रमाणात मिसळावे.

काही दिवसांत रांग विरळ होते, आणि नेमक्या याच वेळी बहुतेक जण झाकण उचलतात. पण कोश काहीच खात नाहीत, त्यामुळे विष त्यांच्यापर्यंत जात नाही. त्यांतून नव्या मुंग्या बाहेर पडतात आणि रांग पुन्हा दिसते. फॅरो मुंगीला अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे पाच-सहा आठवडे लागतात. तेवढा काळ आमिष चालू ठेवावे. वसाहती अनेक असतील तर त्याहूनही अधिक लागेल, आणि शेजारच्या घराशी भिंत सामाईक असेल तर दोन्ही घरांनी एकाच वेळी ते ठेवावे.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. हे गोड पाणी मुलाला सरबतच वाटेल, आणि बोरिक पावडर लहान बालकाला घातक ठरू शकते. झाकण रांगत्या मुलाच्या व मांजराच्या आवाक्याबाहेर, ओट्यामागे किंवा फडताळाच्या पाठीशी ठेवावे. उरलेला द्रव पेल्यात किंवा सरबताच्या बाटलीत कदापि ठेवू नये; वेगळ्या बाटलीवर ‘विष’ असे ठळक लिहून ती कुलपात ठेवावी. मुलाच्या पोटात तो गेलाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे आणि पावडरीचे पाकीटही बरोबर घ्यावे.