कंपनी अनोळखी, उधारी तीस दिवसांची

आज फुलांच्या रोगावर किंवा खतावर लिहीत नाही, पैशावर लिहितोय. श्रावण जवळ आला की वसईच्या वाड्यांत फोन सुरू होतात. "काका, सोनचाफा रोज किती निघतो? आमची कंपनी आहे, हॉटेलं आणि लग्नाच्या हॉलची सजावट करतो." असाच एक फोन मला गेल्या वर्षी आला. रोज दहा फुलांची 300 पाकिटं हवी होती. भाव 12 रुपये पाकीट, म्हणजे तेव्हाच्या दादरच्या भावापेक्षा दोन रुपये जास्त. आडत नाही, पहाटेची लोकल पकडायची नाही, टेम्पो वाडीच्या दारात येणार. फक्त पेमेंट तीस दिवसांनी.

पुतण्या खूश झाला. मी कागद-पेन घेतलं.

रोजचे 3,600 म्हणजे तीस दिवसांचे 1,08,000 रुपये. पण मी विचारलं, तीस दिवस कशापासून? तर म्हणाला, महिन्याचं एकच बिल लावायचं आणि बिल लागल्यापासून तीस दिवस. म्हणजे एक तारखेच्या फुलाचे पैसे साठाव्या दिवशी, आणि तोपर्यंत दुसऱ्या महिन्याचाही माल गेलेला. पहिला रुपया हातात येईपर्यंत माझे 2,16,000 रुपये त्याच्याकडे अडकणार होते. चाफा दुसऱ्या दिवशी काळा पडतो. पैसे नाही आले तर परत आणायला काही उरत नाही. ट्रॅक्टर विकणाऱ्याला निदान ट्रॅक्टर तरी ओढून आणता येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उधारी मागणारा आपल्याकडे कर्ज मागत असतो. आपण सोसायटीत पीककर्जाला जातो तेव्हा सातबारा, आठ-अ, बाकीच्या बँकांचे बेबाकी दाखले, सगळं निमूटपणे देतो. मग दोन लाखांचं बिनव्याजी कर्ज आपण देताना दोन प्रश्न विचारायला लाज कसली? मी त्याच्याकडे तीनच गोष्टी मागितल्या. सध्या कोणाकोणाकडून उधारीत माल घेता त्या तिघांची नावं आणि नंबर, कंपनीचा जीएसटी नंबर, आणि कंपनीच्या खात्याचा रद्द केलेला चेक. "काका, एवढं कोणी विचारत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, मला एकदा 64,000 ला शिकवलंय.

ते 64,000 असे गेले. बऱ्याच वर्षांपूर्वी एक केळीवाला व्यापारी यायचा. पहिल्या चार खेपा रोख, मोजून, वर चहा. पाचवी-सहावी उधार, तीही वेळेवर. मग सणाच्या आधी एकदम मोठा माल उचलला आणि चेक दिला. "काका, जरा थांबून टाका," म्हणाला. मी भला माणूस, थांबलो. चार महिन्यांनी बँकेत गेलो तर कॅशियरने चेक परत सरकवला. चेकची मुदत तीन महिन्यांचीच असते. चेक बाउन्सचा खटला करायचा तर चेक मुदतीत टाकलेला हवा, आणि तो परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. माझा तर बाउन्ससुद्धा झाला नव्हता. मोबाइल नंबर बंद, नाव फक्त पहिलं माहीत. पोलिसांना सांगणार काय?

नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी हे कितीतरी मोठ्या आकड्यात भोगलंय. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती. तक्रारींचा ढीग आला, काहींचे पैसे परतही मिळाले. पण दरवेळी असा अधिकारी मिळेल या भरवशावर माल तोडता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 2016 पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहे. बांधावर विकायला मोकळीक मिळाली, चांगलंच झालं. पण आवारात व्यापाऱ्याचं लायसन कोणीतरी तपासलेलं असतं, बांधावर ते काम आपल्या अंगावर येतं.

तर त्या सजावटवाल्याने दोन नावं दिली. तिसरं "देतो" म्हणाला, ते आलंच नाही.

पहिलं नाव दादरच्या एका फूलव्यापाऱ्याचं. फोनवर शेठ म्हणाले, "एकदम चांगली पार्टी, डोळे झाकून द्या." मी विचारलं, तुमची त्यांच्याकडे जास्तीत जास्त किती बाकी राहिली होती? गप्प. किती दिवसांची बोली आणि प्रत्यक्षात किती दिवसांनी देतात? "वेळेवर देतात." आकडा नाहीच. खरा व्यापारी असं बोलत नाही, त्याला पैशाचा हिशोब तोंडपाठ असतो. पुढच्या फेरीला बाजारात गेलो तेव्हा त्यांनी सांगितलेल्या गाळ्यावर विचारलं. तिथे त्या नावाचं कोणी बसत नव्हतं. म्हणून सांगतो, गिऱ्हाइकाने दिलेल्या नंबरावर थांबू नका. दुकानाचा नंबर पाटीवरून, बिलावरून किंवा शेजारच्या गाळ्यातून मिळवा आणि त्यावर फोन करा.

दुसरं नाव नाशिककडच्या एका गुलाबवाल्याचं. हे खरे निघाले. भाऊ मोकळेपणाने बोलले. तीनदा माल दिला, सगळ्यात मोठं बिल 9,000 चं, पैसे चार दिवसांत आले, तक्रार नाही. पुतण्या म्हणाला, बघा, चांगला आहे. पण नीट ऐका. ही साक्ष 9,000 रुपयांची आणि चार दिवसांची आहे. मी द्यायची उधारी दोन लाखांची आणि साठ दिवसांची. ज्याला बुडवायचं असतं तो पहिली छोटी बिलं मुद्दाम वेळेवर भागवतो, माझ्या केळीवाल्यासारखा. त्यामुळे "पैसे देतो का?" हा प्रश्न कमी कामाचा. "सर्वात मोठी बाकी किती होती, आणि आज तेवढीच पुन्हा द्याल का?" हा प्रश्न कामाचा.

सगळ्यात चांगला प्रश्न मला त्या भाऊंनीच सुचवला. "त्यांना विचारा, याआधी चाफा कोण देत होतं आणि त्याने का सोडलं?" मी विचारला. उत्तर आलं, "क्वालिटीचा प्रॉब्लेम होता." नाव मात्र सांगितलं नाही.

आता जीएसटी. services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला की फुकटात दिसतं: कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, पत्ता, चालू आहे की रद्द, आणि रिटर्न भरलीत का. "आठ वर्षं जुनी कंपनी" चार महिन्यांपूर्वी नोंदलेली होती, आणि कायदेशीर नावाच्या जागी एका माणसाचं नाव. जीएसटी नंबरातलं सहावं अक्षरही बघायचं. ते पॅनवरून येतं. P असेल तर एकट्या माणसाचा धंदा, F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी. याचं P होतं. एकट्याचा धंदा असणं गुन्हा नाही, आपलाही तसाच आहे. पण मग "आमची कंपनी, आमचे डायरेक्टर" कशाला?

उलट बाजूही सांगतो. जीएसटी नंबर नाही म्हणजे लबाड, असं समजू नका. ताजी फुलं, केळी, भाजी करमुक्त आहे. निव्वळ तेवढाच धंदा करणाऱ्या प्रामाणिक व्यापाऱ्याकडे नंबर नसेलही. सजावटीचा धंदा मात्र सेवेत येतो, मोठी हॉटेलं करणाऱ्याकडे तो असायला हवा.

बँकेचं काम थोडं नाजूक आहे. समोरच्याच्या खात्यात किती पैसे आहेत हे कुठलीही बँक आपल्याला सांगणार नाही, तो नियमच आहे. मग रद्द चेक कशाला? खातं कोणाच्या नावावर, कुठल्या शाखेत, हे कळायला. माल मागणारं नाव, जीएसटीवरचं नाव आणि चेकवरचं नाव जुळलं पाहिजे. याच्या चेकवर तिसऱ्याच माणसाचं नाव होतं. "भावाचं खातं आहे, आमचं उघडतंय," म्हणाला. उद्या चेक परत आला तर मी मागणार कोणाकडे, भावाकडे की कंपनीकडे? मोठी उधारी असेल तर त्यालाच त्याच्या बँकेकडून पत्र आणायला सांगा, खातं कधीपासून आहे आणि व्यवहार समाधानकारक आहे का एवढंच. मग त्या शाखेत जाऊन पत्र त्यांचंच आहे ना हे बघा. किंवा सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागा, बाकी नावं खोडून दिली तरी चालतील. त्यात चेक रिटर्नचे चार्जेस पुन्हा पुन्हा दिसले तर विषय संपला. या पत्राने उद्याची हमी मिळत नाही, हेही खरं. कालपर्यंत माणूस कसा वागला एवढंच कळतं.

मी त्याला शेवटी सांगितलं, पहिले पंधरा दिवस टेम्पो हलायच्या आधी यूपीआयने पैसे, नंतर आठवड्याची उधारी, बाकी कधीही 15,000 च्या वर नाही. त्याने "साहेबांना विचारतो" म्हणून फोन ठेवला, पुन्हा केला नाही. तो फसवणाराच होता का? मला माहीत नाही. कदाचित नवा, धडपडणारा पोरगा असेल, ज्याला साक्ष द्यायला कोणी नव्हतं. पण अशा पोरासाठीच तर पंधरा दिवसांची रोख खरेदी आहे, त्यातून त्याची साक्ष मीच झालो असतो.

15,000 का, असं विचाराल. तेवढे बुडाले तरी माझ्या फुलं खुडणाऱ्या बायकांची मजुरी थांबत नाही म्हणून. तुमचा आकडा वेगळा असेल.

याच पद्धतीने एक केटरर मात्र टिकला. त्याने संध्याकाळपर्यंत तीन नावं, चेक, सगळं पाठवलं. त्याच्या मिठाईच्या डब्यांचा पुरवठादार म्हणाला, "दिवाळीत दहा-बारा दिवस लांबवतो, पण देतो. चार वर्षं झाली." अगदी तसंच झालं. दिवाळीला बारा दिवस लांबवलं आणि दिले. मला आधीच माहीत असल्यामुळे झोप उडाली नाही.

"सणात एवढं विचारत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या वाडीत जाईल," हे मला बरेच जण बोलतात. जाईल, खरंय. म्हणून आमच्या आळीतल्या पाच वाड्यांनी ठरवलंय, पाचही जण एकच मेसेज पाठवायचा. हवा तर उचला:

"नमस्कार. आपल्याशी व्यवहार करायला आवडेल. उधारी सुरू करण्याआधी कृपया हे पाठवा: बिल कोणाच्या नावाने करायचं ते पूर्ण नाव, जीएसटी नंबर असल्यास तो, त्याच नावाच्या खात्याचा रद्द चेक, आणि आपल्याला सध्या उधारीत माल देणाऱ्या तिघांचे नंबर. आमचे खाते आणि आमच्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर सोबत देत आहोत. तोपर्यंत रोखीने माल देऊ."

या श्रावणासाठी आतापर्यंत तीन जणांना पाठवला. दोघांची माहिती आली, त्यातल्या एकाचे दोन नंबर अजून लावायचे आहेत. तिसऱ्याने वाचून ठेवलाय, निळी टिक दिसते.